डिझाइन स्पर्धा: एकवीस दिवस, दोन शीट आणि एक ब्रीफ

आर्किटेक्चरच्या डिझाइन स्पर्धेची जाहिरात ग्रुपवर येते. दोघे-तिघे मिळून फी भरतात, ब्रीफची पीडीएफ मोबाइलवर वरवर चाळली जाते, आणि त्याच रात्री चहाच्या टपरीवर 'कन्सेप्ट'ची चर्चा सुरू होते. एकवीस दिवसांपैकी पंधरा दिवस त्या चर्चेतच निघून जातात. उरलेल्या सहा दिवसांत प्लॅन, सेक्शन, रेंडर, शीट असं सगळं एकदम अंगावर येतं. शेवटच्या रात्री शीट अपलोड होते तेव्हा लक्षात येतं की ब्रीफमध्ये सेक्शन १:५० ला मागितला होता, आपण १:१०० ला काढलाय.

बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, हे चित्र सगळीकडे सारखंच आहे. कौशल्य कमी पडलं म्हणून असं होतं, असं फारसं नसतं. ब्रीफ नीट वाचलेली नसते आणि वेळ मोजलेला नसतो, ही दोन कारणं त्यामागे असतात. आणि ही दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत. ब्रीफ नीट वाचली तर कन्सेप्टचा निम्मा वेळ वाचतो. कसा, ते एका खऱ्या स्पर्धेवरून आणि एका उदाहरणावरून बघू.

ब्रीफमधून निघालेलं स्मारक

अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक उभारायचं ठरलं आणि त्यासाठी खुली स्पर्धा घेतली गेली. १,४२१ प्रवेशिका आल्या. त्या एका विमानतळाच्या हँगरमध्ये मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. ज्युरीने त्यातून आधी २३२ निवडल्या, मग ३९, आणि शेवटी १०२६ क्रमांकाची एक. १ मे १९८१ च्या त्या निवडीनंतर कळलं की ती प्रवेशिका माया लिन नावाच्या, येल विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची आहे.

स्पर्धेच्या ब्रीफमध्ये मोजक्या अटी होत्या. युद्धात मरण पावलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सगळ्यांची नावं स्मारकावर हवीत. स्मारक माणसाला अंतर्मुख करणारं हवं. ते आजूबाजूच्या जागेशी जुळणारं हवं. आणि युद्धाबद्दल राजकीय मतप्रदर्शन नको.

आता या अटी एकत्र ठेवून बघा. सुरुवातीलाच सत्तावन्न हजारांवर नावं होती. एवढी नावं वाचता येतील अशा अक्षरात लिहायची म्हटली तर पुतळ्याच्या चौथऱ्यावर ती मावणार नाहीत, त्याला लांबच लांब पृष्ठभागच लागणार. राजकीय मत नको म्हटल्यावर विजयाची कमान गेली आणि रडणारा सैनिकही गेला. जागेशी जुळवून घ्यायचं, आणि जागा म्हणजे लिंकन मेमोरियल आणि वॉशिंग्टन मॉन्युमेंट यांच्या परिसरातली मोकळी हिरवळ, त्यामुळे उंच काही उभं करणंही अवघड. उरतं काय? जमिनीत उतरत जाणारी, नावं कोरलेली भिंत. लिनने दोन काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती एका कोनात जोडल्या, त्यातली एक वॉशिंग्टन मॉन्युमेंटकडे आणि दुसरी लिंकन मेमोरियलकडे रोखलेली. नावं अकारविल्हे न लावता मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने लावली. (त्या भिंतीचा दगड आपल्या कर्नाटकातला, बेंगळुरू भागातून गेलेला आहे.)

ब्रीफमध्ये उत्तर तयार होतं असा याचा अर्थ नाही, कारण तीच ब्रीफ बाकीच्या १,४२० जणांकडेही होती. पण लिनची कल्पना अटींना बगल देऊन आलेली नव्हती, अटी एकमेकींना जिथे अडवत होत्या तिथून ती आली होती.

दुसरी गोष्ट वेळेची. माया लिनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की स्मारकाचं डिझाइन करण्यापेक्षा त्यासोबतचं निवेदन लिहायला तिला जास्त वेळ लागला. तिची चित्रं पेस्टलमधली, साधी, जवळजवळ अमूर्त होती. भिंतीजवळ चालत जाताना माणसाला काय वाटेल ते चित्रात दिसत नव्हतं, म्हणून ते शब्दांत सांगणं भाग होतं. म्हणजे वेळ कुठे घालायचा हे तिच्या कल्पनेच्या गरजेवरून ठरलं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. कल्पना काहीही असो, सगळा वेळ रेंडरवर जातो.

आता आपलं उदाहरण

समजा अशी एक स्पर्धा आहे. ही ब्रीफ मी इथे उदाहरणासाठी रचली आहे, पण विद्यार्थी स्पर्धांच्या ब्रीफ साधारण अशाच असतात.

सीमाभागातल्या, भरपूर पाऊस पडणाऱ्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय बांधायचं आहे. प्लॉट ३० मीटर बाय २० मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर. तळमजल्याने जास्तीत जास्त ३०० चौरस मीटर जागा व्यापावी, आणि दोन्ही मजले मिळून बांधकाम ४५० चौरस मीटरच्या वर जाऊ नये. प्लॉटवर चिंचेचं जुनं झाड आहे, ते राखायचं. हव्या त्या जागा अशा: वाचन कक्ष १२० चौरस मीटर, पुस्तकांची मांडणी ६०, बालविभाग ५०, सभागृह १००, कार्यालय १५, स्वच्छतागृहं २५. सादर करायच्या दोन उभ्या ए-वन शीट आणि तीनशे शब्दांचं निवेदन. गुण: परिसराशी नातं ३०, जागांची रचना ३०, बांधकामाची व्यवहार्यता २०, सादरीकरण २०. मुदत एकवीस दिवस, शेवटच्या रविवारी रात्री ११:५९ पर्यंत.

भाग घेणारे दोघे. एक बेळगावात, दुसरी पणजीत, दोघांचंही कॉलेज चालू आहे.

पहिले तीन दिवस: पेन्सिल घेऊन वाचन

ब्रीफ मोबाइलवर वाचू नका. प्रिंट काढा आणि तीन वेळा वाचा, प्रत्येक वेळी वेगळ्या कामासाठी.

पहिल्या वाचनात फक्त सक्तीच्या गोष्टी खुणा करायच्या. बहुतेक ब्रीफ इंग्रजीत असतात आणि मराठी-कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांची इथे एक बारीक चूक होते. इंग्रजी ब्रीफमधला 'शॅल' किंवा 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे अपेक्षा, ती मोडलीत तर कारण द्यावं लागतं. 'मे' म्हणजे मुभा. आपण तिन्हींचा अर्थ 'करावे' असा लावतो आणि मग मुभेच्या गोष्टीवर दोन दिवस घालवतो, सक्तीची गोष्ट मात्र विसरतो. तीन रंगांच्या पेनने तीन प्रकार वेगळे करा. सक्तीच्या गोष्टींची यादी एका कागदावर उतरवून भिंतीला लावा. आपल्या उदाहरणात त्या यादीत झाड, ३०० आणि ४५० चे आकडे, दोन उभ्या शीट, स्केल, फाइलचा आकार आणि शीटवर नाव न घालणं एवढं येतं.

दुसरं वाचन आकड्यांसाठी. इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. वर दिलेल्या जागांची बेरीज केली तर ३७० चौरस मीटर होते. मर्यादा ४५० ची आहे, म्हणजे भरपूर जागा शिल्लक आहे असं वाटतं. पण ब्रीफमधले आकडे खोलीच्या आतल्या जागेचे असतात. भिंती, जिना, ये-जा करायच्या वाटा यांसाठी अशा इमारतीत साधारण तीस टक्के वाढवावे लागतात. ३७० ला १.३ ने गुणलं की ४८१ येतात. मर्यादेच्या एकतीस वर!

ज्या गटाने ही बेरीज पहिल्या आठवड्यात केली नाही, त्याला हे दुसऱ्या आठवड्यात, प्लॅन काढताना कळतं. तेव्हा सभागृह थोडं आक्रसतं, जिना चिंचोळा होतो, स्वच्छतागृह कोपऱ्यात ढकललं जातं. प्लॅन ओढाताणीचा दिसतो आणि ज्युरीच्या सरावलेल्या नजरेतून ते सुटत नाही.

ज्यांनी बेरीज केली, त्यांच्यापुढे एक नेमका प्रश्न उभा राहतो: कोणत्या दोन जागा एकच होऊ शकतात? बालविभाग दिवसा आणि दुपारी चालतो. सभा, व्याख्यानं संध्याकाळी होतात. १०० चौरस मीटरच्या सभागृहातच बालविभागाचे ५० धरले तर बेरीज ३२० वर येते, आणि १.३ ने गुणल्यावर ४१६ होतात. ४५० मध्ये आरामात बसलं. आणि बघा, कन्सेप्टचं बीज इथेच पडलंय: दिवसा मुलांचं, संध्याकाळी गावाचं दालन. ते टपरीवर सुचलेलं नाही, बेरजेतून आलेलं आहे, त्यामुळे पुढे कुणी 'असंच का?' विचारलं तर उत्तर तयार आहे.

तिसरं वाचन ज्युरीच्या डोळ्यांनी. गुणांच्या रकान्याकडे बघा. सादरीकरणाला वीस गुण आहेत आणि बांधकामाच्या व्यवहार्यतेलाही वीसच. म्हणजे भर पावसात ही इमारत कशी टिकेल हे दाखवणारा एक चांगला सेक्शन तेवढंच मोल मिळवून देतो जेवढं सगळं रंगकाम मिळून देईल. तरीही हा सेक्शन बहुतेक गट शेवटच्या दिवशी उरकतात. यात एक खाच आहे: ज्युरीला आपण भेटणार नसतो, त्यांना सगळंच शीटवरून कळणार असतं. त्यामुळे सादरीकरणाचे गुण वीस असले तरी वाईट शीट बाकीच्या ऐंशी गुणांनाही खाली ओढते.

प्रश्न विचारायची तारीख

ब्रीफमध्ये एक ओळ नेहमी दुर्लक्षित राहते: शंका विचारायची शेवटची तारीख. ती बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच असते. आयोजकांनी दिलेली उत्तरं सगळ्या स्पर्धकांना पाठवली जातात आणि ती ब्रीफचाच भाग मानली जातात.

आपल्या दोघांना शंका पडली ती अशी. पुस्तकांची मांडणी तळमजल्यावर ठेवायची, कारण पुस्तकांचा भार वाचन कक्षापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो वरच्या मजल्यावर नेला की तुळया, खांब, खर्च सगळंच वाढतं. सभागृह, कार्यालय आणि स्वच्छतागृहंही खालीच हवीत. ही सगळी मिळून २०० चौरस मीटर, म्हणजे भिंती-वाटांसह २६०. वाचन कक्ष वर. पण सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना जिना चढायला लावायचा का? त्यांच्यासाठी वाचन कक्षातले ३० चौरस मीटर खाली आणले तर तळमजला २३० गुणिले १.३, म्हणजे २९९ होतो. मर्यादा ३०० ची. कागदावर बसतं, पण एखादी भिंत जाड झाली तरी हुकतं.

तेव्हा प्रश्न असा: तिन्ही बाजूंनी उघडी असलेली पडवी ३०० च्या हिशोबात धरायची का? ठिकठिकाणच्या बांधकाम नियमांत याचं उत्तर वेगवेगळं असतं, म्हणून अंदाजावर जाऊ नये, आयोजकांना विचारावं. प्रश्न एका वाक्यात, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा विचारावा. समजा उत्तर आलं की उघडी पडवी धरली जाणार नाही. मग वर्तमानपत्राची बाकं चिंचेच्या झाडासमोरच्या पडवीत आली. पडवी १२ मीटर लांब आणि अडीच मीटर खोल, म्हणजे बरोबर ३० चौरस मीटर. आणि उत्तर 'धरली जाईल' असं आलं असतं तर आजोबांची जागा सभागृहाच्या सकाळच्या रिकाम्या वेळेत बसवावी लागली असती. दोन्हीकडे मार्ग आहे, पण कोणता ते पाचव्या दिवशी कळायला हवं, पंधराव्या दिवशी नव्हे.

तासांचा हिशोब

आता वेळ. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस काम असं नसतं. प्रत्येकाचे खरे तास मोजा. कॉलेजच्या दिवशी दोन तास, रविवारी सहा. अठरा दिवसांचे छत्तीस आणि तीन रविवारचे अठरा, मिळून चोपन्न. दोघांचे एकशे आठ तास. मोठा वाटणारा तीन आठवड्यांचा काळ प्रत्यक्षात एवढाच आहे.

सोमवारी सुरुवात झाली असं धरून वाटणी अशी करता येते:

- पहिले तीन दिवस, १२ तास: ब्रीफ, बेरीज, जागेचा अभ्यास, शंका.
- चौथा ते सातवा दिवस, २४ तास: कन्सेप्ट. पहिला रविवार यात येतो.
- आठवा ते चौदावा, ३६ तास: ड्रॉइंग. दुसरा रविवार यात येतो.
- पंधरावा ते विसावा, २४ तास: शीट.
- एकविसावा दिवस, १२ तास: राखीव. या दिवशी नवीन काहीही काढायचं नाही.

राखीव वेळ ऐषआराम म्हणून ठेवलेला नाही. लाइट जाते, प्लॉटरवाल्याचं दुकान बंद असतं, फाइल उघडत नाही. यातलं एक तरी होतंच.

कन्सेप्ट कधी ठरला म्हणायचा?

कन्सेप्टचं काम संपतच नाही, ही खरी अडचण. त्याला शेवट नसल्यामुळे तो बाकीच्यांचा वेळ खातो. म्हणून त्याच्यासाठी एक कसोटी आणि एक मुदत ठेवावी लागते.

कसोटी अशी. कन्सेप्ट एका वाक्यात आणि एका हातभर लांबीच्या साध्या आकृतीत सांगता यायला हवा. तो घरातल्या, आर्किटेक्चर न शिकलेल्या माणसाला सांगा. मग त्यालाच परत सांगायला लावा. आपल्या उदाहरणातलं वाक्य होतं: 'चिंचेखाली सकाळी आजोबांची पडवी, दुपारी मुलांचं दालन, संध्याकाळी गावाची सभा, आणि वर शांत वाचन.' पणजीतल्या मुलीने हे आईला सांगितलं असतं तर आई विचारेल, 'मग संध्याकाळी सभेचा गोंगाट वर जाणार नाही का गं?' हा प्रश्न सोन्यासारखा आहे. कारण हाच प्रश्न ज्युरी विचारणार. त्यासाठी वाचन कक्ष सभागृहाच्या थेट डोक्यावर न ठेवता पुस्तकांच्या मांडणीवर सरकवावा लागतो. हा बदल सहाव्या दिवशी पंधरा मिनिटांत होतो, सोळाव्या दिवशी मात्र अख्खा सेक्शन पुन्हा काढावा लागतो.

मुदत अशी: शनिवारपर्यंत दोन पर्याय हातात असू द्या, रविवारी रात्री एकच. दोन्ही आवडत असतील तर सक्तीच्या यादीशी जो कमी भांडतो तो घ्या. आणि सोमवारी सकाळी कुणालाही नवी भन्नाट कल्पना सुचली तरी ती वहीत लिहून ठेवायची, पुढच्या स्पर्धेसाठी. ही गोष्ट बोलायला सोपी आहे, पण गट मोडतात ते इथेच. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांनी हे एकमेकांना कबूल करून घ्यावं.

ड्रॉइंगआधी शीटची रेघ

इथे क्रम थोडा उलटा वाटेल. ड्रॉइंग सुरू करायच्या आधी, रविवारी रात्रीच, शीटचा कच्चा आराखडा काढायचा. साध्या ए-फोर कागदावर, पेन्सिलने.

कारण साधं आहे. ए-वन शीट ५९४ बाय ८४१ मिलिमीटर असते आणि कोणतं ड्रॉइंग त्यात किती जागा घेणार हे आधीच गणिताने कळतं. ३० बाय २० मीटरचा प्लॉट १:१०० ला ३०० बाय २०० मिलिमीटर होतो. आपली इमारत २० बाय १३ मीटरची, म्हणजे वरच्या मजल्याचा प्लॅन फार तर २०० बाय १३० मध्ये बसेल. १:५० चा लांबीतला सेक्शन ४०० मिलिमीटर रुंद आणि आठ मीटर उंचीला १६० मिलिमीटर उंच. ए-फोर कागद ए-वनच्याच प्रमाणात असतो, त्यामुळे हे चौकोन लहान करून त्यावर मांडता येतात. मांडल्यावर दिसतं की पहिल्या शीटवर मोठं चित्र, कन्सेप्टच्या आकृत्या आणि झाडासह तळमजला मावतो. दुसऱ्या शीटवर सेक्शन मध्यभागी, वरचा मजला आणि दोन एलिव्हेशन मावतात. बाकी काहीच मावत नाही.

हे 'मावत नाही' फार कामाचं आहे. जे मावत नाही ते काढायचंच नाही. नाहीतर तीन तास घालून सुंदर एक्झोनोमेट्रिक काढलं जातं, आणि शेवटी ते सुपारीएवढं करून कोपऱ्यात चिकटवलं जातं.

मग ३६ तास असे पडतात: दोन प्लॅन १२, एक सेक्शन १२, साइट प्लॅन आणि एलिव्हेशन ६, मुख्य चित्राचा सांगाडा ६. एकट्या सेक्शनला बारा तास जास्त वाटतील. पण तो १:५० चा आहे, आणि व्यवहार्यतेचे वीस गुण मुख्यतः त्याच्यावर आहेत. आपल्याकडच्या मुसळधार, वाऱ्यासह येणाऱ्या पावसात अडीच मीटर खोल पडवीत वर्तमानपत्र कोरडं राहील का? छप्पर किती खाली उतरवलं, पागोळ्या कुठे पडतात, पाणी झाडाच्या मुळाकडे जातं की पायाकडे, जोतं किती उंच आहे? हे सगळं त्या एका ड्रॉइंगमध्ये दिसतं. त्यात बाकावर बसलेला, छत्री बाजूला टेकवलेला एक म्हातारा काढला की कन्सेप्टही तिथेच दिसतो.

वेळ घसरला तर काय कापायचं हेही आधी ठरवा. आधी दुसरं एलिव्हेशन जाईल, पण ते सक्तीच्या यादीत नसेल तरच. मग चित्रातला बारकावा जाईल. प्लॅन आणि सेक्शनला हात लावायचा नाही. आणि चौदाव्या दिवशी रात्री ड्रॉइंग जिथे असतील तिथे थांबायचं. अपुरं राहिलेलं ड्रॉइंग नीट मांडलेल्या शीटवर चालून जातं, पूर्ण झालेलं ड्रॉइंग गर्दीत हरवतं.

शीट: दोन मीटरवरून आणि एका हातावरून

शीटच्या चोवीस तासांची वाटणी: मुख्य चित्र पूर्ण करणं ८, मांडणी ६, मजकूर ६, छापून तपासणं ४.

ज्युरी आधी शीट लांबून बघतात आणि मगच जवळ येतात. त्या पहिल्या फेरीत बहुतेक प्रवेशिका बाहेर पडतात. व्हिएतनाम स्मारकाच्या स्पर्धेत पहिल्या छाननीतच १,४२१ च्या २३२ झाल्या होत्या, हे लक्षात ठेवा. त्यामुळे शीटवर एकच गोष्ट मोठी असावी, आणि ती कन्सेप्टचं वाक्य सांगणारी असावी. आपल्या शीटवर ते चिंचेखालची पडवी असेल. संध्याकाळच्या आकाशात उजळलेली इमारत सुंदर दिसते, पण ती कोणत्याही वाचनालयाची असू शकते.

तपासायची पद्धत सोपी आहे. शीट ए-फोरवर छापा, भिंतीला लावा आणि दोन मीटर मागे जा. काय दिसतं? मोठं चित्र आणि शीर्षक कळत असेल तर मांडणी बरी आहे. सगळं सारखंच करडं दिसत असेल तर काहीतरी काढून टाका. मग जवळ या. ए-फोरवर सगळा मजकूर वाचता यायला हवा असं नाही, पण शीर्षकं आणि उपशीर्षकं वाचता आली पाहिजेत. मजकुराचा आकार मात्र ए-वनचा एक तुकडा खऱ्या मापात छापून तपासा. स्क्रीनवर झूम करून सगळंच वाचता येतं, त्यावर विसंबू नका.

तीनशे शब्दांना सहा तास का? कारण तिथे चित्रात न दिसणारं सांगायचं असतं. बहुतेक निवेदनं 'वाचनालय हे ज्ञानाचं मंदिर आहे' अशी सुरू होतात आणि पन्नास शब्द तिथेच संपतात. त्याऐवजी बेरीज सांगा: मागितलेल्या जागा ४८१ होत होत्या, मर्यादा ४५० होती, म्हणून आम्ही एकच दालन दोन वेळांना वापरलं. या एका वाक्यातून ज्युरीला कळतं की या गटाने ब्रीफ वाचली आहे. निवेदन इंग्रजीत द्यायचं असेल तरी आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा. विचार सरळ राहतो, आणि अलंकारिक इंग्रजीचा मोह कमी होतो.

शेवटचा रविवार

राखीव दिवशी भिंतीवरची सक्तीची यादी काढा. ड्रॉइंग ज्याने काढलं नाही त्याने ते तपासावं. बेळगावच्याने पणजीचं, पणजीच्याने बेळगावचं.

तीन ठिकाणी हमखास चूक सापडते. पहिली स्केलची: शीटवर ड्रॉइंग बसवताना ते ओढून थोडं लहान केलं जातं आणि खाली १:१०० तसंच राहतं. छापील कागदावर पट्टी लावून मोजा, २० मीटरची भिंत २० सेंटिमीटरच आली पाहिजे. दुसरी नावाची: शीटवर नाव नसतं, पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कॉलेजचा शिक्का राहून जातो, किंवा पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये Author या रकान्यात लॅपटॉपच्या मालकाचं नाव असतं. अनामिक स्पर्धेत एवढ्यावरून प्रवेशिका बाद होऊ शकते. तिसरी घड्याळाची: परदेशी स्पर्धेत रात्रीचे ११:५९ कोणत्या देशाचे ते बघा. ग्रीनिच वेळेने असतील तर आपल्याकडे ते दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९ होतात. पूर्वेकडच्या देशातली, म्हणजे जपान किंवा ऑस्ट्रेलियातली स्पर्धा असेल तर मुदत आपल्या आधीच संपते.

फाइलच्या आकाराची अट असेल तर ए-वन शीट ३०० ऐवजी १५० डीपीआयला काढून बघा. पिक्सेल एक चतुर्थांश होतात आणि शीटभर पसरलेल्या चित्रात फारसा फरक दिसत नाही. पण प्लॅन आणि सेक्शनच्या रेषा चित्र म्हणून न टाकता रेषा म्हणूनच पीडीएफमध्ये ठेवा, म्हणजे त्या धूसर होत नाहीत.

अपलोड दुपारी करा. अपलोड झालेली फाइल पुन्हा डाउनलोड करून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडा. फॉन्ट बदललेला असेल, मराठी जोडाक्षरं सुटी झाली असतील, तर तेव्हाच दिसेल. दुरुस्त करायला अजून रात्रीपर्यंत वेळ आहे, कारण तो तुम्ही पहिल्या दिवशीच राखून ठेवला होता.